प्रतिसाद: पंप घुमतो का, ते आधी ऐका

«फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्ये पाणी तसंच राहतंय, दार उघडत नाही. फिल्टर साफ केला, तरी तेच. मेकॅनिक बोलवू का?»

थोडं थांबा. आमच्याकडे कोथरूडला मागच्या पावसाळ्यात हेच झालं होतं. फिल्टर स्वच्छ होता, पण त्याच्या मागे पंपाचा छोटा पंखा असतो, तो बघायचा राहिला होता.

प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या. फिल्टरशेजारच्या बारीक नळीने पाणी पसरट ताटलीत काढा, मग फिल्टर हळूहळू सोडवा. आत टॉर्च मारून पंखा बोटाने फिरवा. तो अडखळत, झटक्याझटक्याने फिरतो. आत चुंबक असल्यामुळे ते बरोबरच आहे. अजिबात हलत नसेल तर काहीतरी अडकलंय. आमच्यात साडीची सेफ्टी पिन निघाली, म्हणून बोट जपून घाला.

पंखा मोकळा असेल तर फिल्टर घट्ट बसवा, प्लग परत लावून ड्रममध्ये थोडं पाणी घ्या, ड्रेन पाइपचं टोक मोरीतून काढून बादलीत धरा आणि फक्त ड्रेन किंवा स्पिन लावा. बादलीत जोरात पाणी आलं तर मशीन ठीक आहे, मोरीचा पाइप तुंबलाय. नुसती घरघर ऐकू आली आणि पाणी आलं नाही, तर पाइप कुठे दुमडलाय किंवा आत गाळ साचलाय का बघा. आवाजच नसेल तर पंपाची कॉइल किंवा वायरिंग गेलं असण्याची शक्यता जास्त. तिथे मात्र हात न घालता मेकॅनिकलाच बोलवा.