खोली 'खाली' करावी, की सोडावी?

गोदाकाठ
भावाचं वेरूळजवळ 12 खोल्यांचं लॉज आहे. पाहुण्यांसाठी एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी असं माहितीपत्रक मी लिहून देतोय. इंग्रजीत 'चेक-आउट 11 ए.एम.' एवढ्यात भागलं. मराठीत मी लिहिलं, 'सकाळी 11 पर्यंत खोली खाली करावी.' परवा साताऱ्याकडचे एक आजी-आजोबा साडेदहाला पिशव्या घेऊन जिना उतरले आणि काउंटरवर विचारायला लागले, "खालची खोली कोणती देताय?" आजींचे गुडघे दुखत होते, त्यांना बरंच वाटलं होतं. मला फार वाईट वाटलं. दुसरा शब्द सुचवा.

परभणीकर
शब्द कामून बदलायचा? आपल्याकडं 'सीट खाली हाय का' असंच विचारतात. उर्दूतून आलेला शब्द हाय, निजामाच्या राज्यात रुळला. साताऱ्याला माहीत नाही, हा आपला दोष नाही.

ठेका
निजामापुरतं नका ठेवू. तीनतालाच्या नवव्या मात्रेला पुण्यातला तबलजीही 'खाली'च म्हणतो. तिथे टाळी नसते, हात मोकळा जातो.

शब्दसेवक
'खोली रिक्त करावी' लिहा, वर 'निर्गमन वेळ' असं शीर्षक द्या. आणि पत्रकात 'नाष्टा' असेल तर काढा. 'न्याहारी' हा आपला शब्द आहे.

काउंटरमागचा
मी 19 वर्षं लॉजच्या काउंटरवर काम करतोय. 'निर्गमन' वाचून माणूस बाहेरचा दरवाजा शोधतो. शिवाय खोली सोडली म्हणजे काय, हे पाहुणा आणि आपण वेगवेगळं धरतो. तो सामान ठेवून, कुलूप लावून लेणी बघायला जातो आणि म्हणतो, मी तर आठलाच बाहेर पडलो. म्हणून असं लिहा: 'सकाळी 11 पर्यंत सामान बाहेर काढून चावी काउंटरवर द्यावी.' यात खाली-वर काही येत नाही.
त्याखाली कारणही लिहा. एका खोलीची चादर, बाथरूम, झाडू-पोछा धरून 25 मिनिटं जातात. दोन माणसं 12 खोल्यांना लागली तर 11 चे दीड वाजतात, आणि दोनला नवे पाहुणे येतात. हे वाचलं की लोक भांडत नाहीत. सामान काउंटरजवळ ठेवायची सोय असेल तर तेही लिहा, लेणी बघणाऱ्याची अडचण तिथेच मिटते.

गोदाकाठ
हे पटलं. तातडीच्या मदतीसाठी मी 'आणीबाणीत 108 फिरवा' लिहिलंय. 'आणीबाणी' म्हटलं की आमच्या वडिलांना 1975 आठवतं. बदलू का?

काउंटरमागचा
शब्दाचं नंतर बघू, आधी फोन बघा. तुमच्या इंटरकॉमवर खोलीचा नंबर हाच फोनचा नंबर आहे ना? मग रूममधून 108 फिरवलं की 108 नंबरच्या खोलीत घंटी वाजते. मी एका ठिकाणी होतो तिथं रात्री दोनला हेच झालं. नवऱ्याच्या छातीत दुखतंय म्हणून बाई 108 फिरवतायत, आणि शेजारच्या खोलीतला माणूस झोपेत 'राँग नंबर' म्हणून ठेवतोय. पाच-सात मिनिटं गेली, मग त्या धावत काउंटरवर आल्या. गृहस्थ वाचले, पण मला ती घंटी अजून ऐकू येते.
म्हणून दोन्ही भाषांत लिहा: 'रूमच्या फोनवरून 9, म्हणजे काउंटर. रुग्णवाहिकेला 108, पोलीस किंवा आग असेल तर 112, स्वतःच्या मोबाइलवरून.' आधी एका खोलीतून स्वतः फिरवून बघा, काउंटरचा नंबर तुमच्याकडं 9 नसेलही. आणि त्याच चौकटीत लॉजचं नाव, गाव, रस्ता, जवळची खूण ठळक छापा. पलीकडून पहिलं विचारतात 'कुठं आहात?', आणि परगावच्या माणसाला ते सांगता येत नाही.

गोदाकाठ
आमच्याकडे 101 ते 112 असेच नंबर आहेत! आजच फिरवून बघतो.

अजिंठावासी
माझ्या होम-स्टेच्या पत्रकात वेळांपेक्षा 'अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद' ही ओळ जास्त वाचली जाते. तुम्हीही घाला.

परभणीकर
शब्दसेवक, 'न्याहारी' तरी शुद्ध कशावरून? संभाजीनगरच्या जुन्या शहरात पहाटे मिळती ती नहारी, तिचंच हे भावंड. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस.

शब्दसेवक
साफ चूक. 'निराहार'वरून आलाय. रात्रभराचा उपास मोडायचा तो पदार्थ.

ठेका
मग 'नाश्ता'ही फारसीत उपाशी माणूसच की. दोघं एकाच ताटात बसले.

परभणीकर
आमची आजी शेतात न्यायची ती न्याहारी, भाकरी अन् ठेचा. साडेसात ते दहा टेबलावर पोहे मिळतात, त्याला मी नाष्टाच म्हणणार.

गोदाकाठ
छपाई गुरुवारी आहे. 'नाष्टा' ठेवू की 'न्याहारी'?

शब्दसेवक
न्याहारी.

परभणीकर
नाष्टा.