मदत हवी आहे: सर्व्हर चौपट मोठा केला, तरी ऑर्डर उघडताच साइट बसते

पेठेतली_अनघा
नमस्कार मंडळी. नारायण पेठेतल्या एका फराळाच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. परदेशी पाठवायच्या फराळाची नोंदणी आम्ही दिवाळीआधी एका ठरलेल्या रविवारी रात्री 8 वाजता उघडतो. एरवी साइटवर एका वेळी तीस-चाळीस माणसं असतात, त्या रात्री पहिल्या मिनिटात दीड हजार येतात.

गेल्या वर्षी 2 कोअर, 8 जीबीचा सर्व्हर होता. सीपीयू 80 टक्क्यांवर गेला आणि साइट बसली. मग 8 कोअर, 32 जीबीचा घेतला. पुढच्या नोंदणीला सीपीयू 20 टक्क्यांच्या वर गेलाच नाही, तरी साइट तशीच अडकली! नंतर चाचणी म्हणून लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर लावले, तर ग्राहकांच्या पिशव्याच रिकाम्या व्हायला लागल्या. एका आजींचा फोन आला. लेकाला पाठवायच्या चकल्या त्यांनी चार वेळा पिशवीत टाकल्या होत्या आणि चारही वेळा त्या गायब झाल्या. मला फार वाईट वाटलं.

साइट पीएचपीत आहे, डेटाबेस मायएसक्यूएल, वेगळ्या मशीनवर. आता आणखी मोठं मशीन घ्यायचं, जास्त मशीन लावायची, की ऑटो स्केलिंग करायचं? आणि स्केलेबल आणि इलॅस्टिक हे एकच ना, असं मालक विचारतात. मला नीट सांगता आलं नाही.

हिंजवडी_मयूर
ताई, व्हर्टिकल स्केलिंगचा नाद सोडा. मोठं मशीन म्हणजे स्केलिंगच नव्हे, त्याला कधीतरी छत लागतंच. ऑटो स्केलिंग लावा, कमाल 10 मशीन ठेवा. गर्दी आली की वाढतील, गेली की कमी होतील. विषय संपला.

घाऊक_औषधवाला
मी उलट सांगेन. आमचं औषधांचं घाऊक पोर्टल आहे, भोसरीत गोदाम. तीन वर्षांत दोनदा मशीन मोठं केलं, दर वेळी दहा मिनिटं साइट बंद ठेवली आणि काम झालं. कोडची एक ओळ बदलावी लागली नाही. आमचे दुकानदार मात्र दिवसभर थोडे थोडे येतात, एकदम तुटून पडत नाहीत.

डेक्कनचे_काका
आमच्याकडेही दिवाळीत हाच प्रश्न होता. पॅकिंगला चार मुली जास्त घेतल्या आणि कुरियरवाल्याला दोनदा बोलावलं. ऑर्डर तुंबत असतील तर माणसं वाढवा.

पेठेतली_अनघा
काका, पॅकिंग आमचं सुरळीत आहे. ऑर्डर तिथपर्यंत पोचतच नाहीत, अडचण ती आहे.

रात्रपाळी
अनघाताई, मशीन चौपट झालं आणि सीपीयू 80 वरून 20 वर आला, म्हणजे काम तेवढंच राहिलं. मोठी जागा घेतली, काउंटर मात्र तेवढेच ठेवले, असं झालंय. पीएचपी-एफपीएमच्या लॉगमध्ये अशी ओळ आहे का बघा:

```
WARNING: [pool www] server reached pm.max_children setting (5), consider raising it
```

पेठेतली_अनघा
हो! 8 वाजून काही सेकंदांची आहे. अगदी हीच.

रात्रपाळी
मग धागा सापडला. एका वेळी पाचच विनंत्या हाताळायच्या, असं सेटिंग आहे. मूळ फाइलमध्ये 5 च असतं आणि बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. तुमचं एक पान किती वेळ घेतं?

पेठेतली_अनघा
साधारण पाव सेकंद. त्यातला प्रत्यक्ष सीपीयूचा वेळ 0.08 सेकंद, बाकी डेटाबेसची वाट बघण्यात.

रात्रपाळी
पाच काउंटर, प्रत्येकी पाव सेकंद, म्हणजे सेकंदाला 20 पानं. मशीन केवढंही घ्या, 20 च. त्यासाठी लागतात 1.6 कोअर. ते 2 कोअरवर 80 टक्के दिसतात आणि 8 कोअरवर 20. म्हणून सीपीयू कमी पडतोय असं तुम्हाला गेल्या वर्षी वाटलं.

हा आकडा 40 करा. एक प्रक्रिया 60 एमबी खात असेल तर 2.4 जीबी लागेल, तेवढी मेमरी आहे. मग मात्र सीपीयू खरंच आड येईल. 8 कोअर भागिले 0.08, म्हणजे सेकंदाला 100 पानं. दीड हजार माणसांनी पहिल्या मिनिटात सहा-सहा पानं उघडली तर सेकंदाला 150 लागतात. म्हणजे असली दोन मशीन हवीत. मयूर, मोठं मशीन हेही स्केलिंगच आहे, पण वाढलेली ताकद वापरली गेली तरच.

पिशवी रिकामी होते त्याचं कारण वेगळं आहे. सेशन `/var/lib/php/sessions` मध्ये, म्हणजे त्या-त्या मशीनच्या डिस्कवर राहतं. आजींची पहिली विनंती एका मशीनवर गेली, पुढची दुसऱ्यावर, आणि दुसऱ्याला त्यांची ओळखच नाही. सेशन दोघांनाही दिसेल अशा एका जागी ठेवा, उदाहरणार्थ रेडिसमध्ये:

```
session.save_handler = redis
session.save_path = "tcp://10.0.1.20:6379"
```

उत्पादनांचे फोटो स्थानिक डिस्कवर चढत असतील तर तेही हलवा. आणि एसएमएसचा क्रॉन दोन्ही मशीनवर चालू राहिला तर ग्राहकाला दोन-दोन मेसेज जातील.

हिंजवडी_मयूर
मान्य. पण एवढं केल्यावर ऑटो स्केलिंग लावायला काय हरकत?

रात्रपाळी
हरकत वेळेची. मशीन वाढवल्यावर काम त्या प्रमाणात वाढतं का, हा स्केलेबल असण्याचा प्रश्न. गरज पडेल तेव्हा ती आपोआप वाढतात का आणि गर्दी ओसरल्यावर परत कमी होतात का, हा इलॅस्टिक असण्याचा. पहिलं असूनही दुसरं नसू शकतं. स्वतःच्या रॅकमध्ये दहा मशीन विकत घेऊन ठेवली तर ताकद भरपूर, पण जानेवारीत त्यातली आठ रिकामी बसतात आणि खर्च तोच.

ताईंच्या बाबतीत नियम असा लागेल: सीपीयू सलग तीन मिनिटं वर राहिला की मशीन वाढव. नवं मशीन उभं राहून काम घ्यायला आणखी चार मिनिटं धरा. म्हणजे मदत येणार 8:07 ला. ताई, तुमची गर्दी किती वेळ टिकते?

पेठेतली_अनघा
8:05 पर्यंत. तोवर एकतर ऑर्डर मिळते, नाहीतर लोक कंटाळून जातात.

रात्रपाळी
म्हणजे मशीन येईपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असेल. तुमची वेळ तर तुम्हीच ठरवता, मग वेळापत्रक लावा. 7:40 ला दोन मशीन, 9:30 ला पुन्हा एक. आपोआप वाढणारं कमाल तीनवर थांबवा. मयूरच्या दहावर नको, कारण प्रत्येक पीएचपी प्रक्रिया डेटाबेसशी एक जोडणी उघडते. चार मशीन गुणिले 40 म्हणजे 160, आणि मायएसक्यूएलची मूळ मर्यादा 151. चौथं मशीन आलं की `Too many connections` दिसेल आणि चालू असलेली मशीनही अडखळतील.

हिंजवडी_मयूर
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. `max_connections` वाढवता येईल की.

रात्रपाळी
येईल, पण डेटाबेसच्या मशीनची मेमरी बघून. तिथे मी व्हर्टिकलच सुचवेन. लिहिणारा डेटाबेस दोन मशीनवर वाटणं हे एका दुकानासाठी फार मोठं काम आहे. औषधवाले म्हणतात ते इथे लागू पडतं.

पेठेतली_अनघा
सेशन आणि `pm.max_children` या आठवड्यात बदलते आणि खोटी गर्दी करून बघते. एक शंका राहिली. अनारशांचे 300 च डबे असतात आणि सगळे आधी त्यावरच तुटून पडतात. शिल्लक अशी कमी होते:

```
UPDATE maal SET shillak = shillak - 1
WHERE id = 7 AND shillak >= 1;
```

दोन मशीनवरून एकदम आलं तर जास्त विकलं जाईल का?

रात्रपाळी
या ओळीने जास्त विकलं जाणार नाही, बदललेल्या ओळींची संख्या 0 आली तर माल संपला असं दाखवा. पण सगळे एकाच ओळीसाठी रांगेत उभे राहणार, आणि ती रांग मशीन वाढवून कमी होत नाही. ट्रान्झॅक्शन पेमेंट होईपर्यंत उघडं ठेवता का?

पेठेतली_अनघा
हो, पेमेंट झाल्यावरच बंद होतं.

घाऊक_औषधवाला
आम्ही माल आधी दहा मिनिटांसाठी राखून ठेवतो, ट्रान्झॅक्शन लगेच बंद करतो आणि पैसे नंतर घेतो. पण पैसे न भरता गेलेल्यांचा माल परत सोडायचं काम वेगळं लिहावं लागलं, आणि त्यात अजून घोळ होतात.

रात्रपाळी
दिशा तीच बरोबर वाटते. खोटी गर्दी कराल तेव्हा सगळ्यांना अनारसेच मागू द्या आणि `SHOW ENGINE INNODB STATUS` मध्ये किती जण लॉकसाठी थांबलेत ते इथे टाका. 300 डबे वेगवेगळ्या ओळींत वाटायचे की नाही, ते तो आकडा बघूनच सांगेन.