मदत हवी आहे: परीक्षेआधीच्या भाषणात शिळ्या भाताचं कसं सांगू?

परभणीत लग्नाच्या आणि मेसच्या आचाऱ्यांना अन्नसुरक्षा शिकवतो. उद्या बॅचची परीक्षा आहे. हॉलमध्ये शिरण्याआधी तीन मिनिटं बोलायचंय. फळा नाही, प्रोजेक्टर नाही. बरेच जण कमी शिकलेले, पण हाताने पक्के.

सराव परीक्षेत सगळे एकाच प्रश्नावर अडकले: रात्रीचा भात पातेल्यातच झाकून ठेवला, सकाळी कडक फोडणी दिली, तर चालेल का? "चालतंय की सर, वाफ निघेस्तोवर गरम केला की सगळं मरतंय." इथेच घोळ आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही टिकतात. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष फोडणीनं जात नाही. भात आंबूस लागेलच असंही नाही.

तापमानाचा तक्ता पाठ करून घेतला, पण 5 ते 60 अंश हे जिवाणू वाढण्याचे, धोक्याचे आकडे दुसऱ्या दिवशी विसरतात. म्हणून भाषणात एवढंच ठरवलंय: "मावशी, दादा, भात उरला की लगेच परातीत पातळ पसरा. दोन तासांत 21 अंशांवर आणि पुढच्या चार तासांत फ्रीजमध्ये 5 वर आला पाहिजे. फ्रीजमध्ये जागा नसेल तर ठेवूच नका."

भात टाकून द्या म्हटलं की चेहरे पडतात, हे मला ठाऊक आहे. परीक्षा मराठीत, पर्याय निवडायची आहे, त्यामुळे आकडे गाळता येत नाहीत.

"गरम केलं तरी विष जात नाही" हे त्यांच्या डोक्यात बसेल असं एका वाक्यात कसं सांगाल?