मदत हवी आहे: हिशोबाच्या उंचीवरून सोडलेला छर्रा लूपमधून पडतो

चादरवाली_सोलापूर
नमस्कार. मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात दाखवायला लूपचा ट्रॅक करून घेतला आहे. पडद्याचा ॲल्युमिनियम चॅनेल वाकवलाय, तोंड १२ मिमी रुंद. छर्रा त्याच्या दोन कडांवर बसून घरंगळतो. छर्रा स्टीलचा, २० मिमी व्यासाचा, अशोक चौकातल्या एका बेअरिंगच्या दुकानातून आणलेला. लूपची त्रिज्या कडांपर्यंत मोजली तर १० सेंमी.

माझा हिशोब असा: छर्रा भरीव आहे, न घसरता घरंगळतो, म्हणून ऊर्जा ½mv² नाही तर (7/10)mv². माथ्यावर ट्रॅकचा दाब शून्य धरला तर v² = g(R − r). त्यावरून छर्र्याचे केंद्र सुटण्याच्या जागेपासून लूपच्या तळापर्यंत किमान इतके खाली यायला हवे:

H = 2.7 (R − r) = 2.7 × 9 = 24.3 सेंमी

२४.३ वरून सोडला की माथ्याच्या आधीच कडा सोडतो. २६ वरूनही तेच. २८ च्या आसपास कुठे भरवशाने फिरतो. हवेचा विरोध म्हणावा तर एवढ्या जड छर्र्याला तो कितीसा असणार? मुलांसमोर "थोडी ऊर्जा वाया जाते" म्हणून वेळ मारून न्यायची नाहीये.

जुना_टर्नर
ताई, सूत्र २.५ R आहे, आमच्या वेळेपासून. २.७ कुठून आणलं? आणि घर्षणानं अडतंय तर लूपला मशीनचं तेल लावा की. मिलमध्ये आम्ही हेच करत होतो, अडलं की तेल.

गड्डाप्रेमी
गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मौत का कुवा असतो, तिथला मोटरसायकलवाला पडत नाही कारण वेग. तुमचा छर्रा पडतो म्हणजे वेग कमी. जोरात ढकलून द्या, विषय संपला.

घरंगळ
@गड्डाप्रेमी, कुव्यातला गडी आडवा फिरतो. त्याला वर धरून ठेवतं ते टायरचं घर्षण, आणि त्याच्याकडे इंजिन आहे. इथे प्रश्न नुसत्या उंचीवरून किती वेग मिळतो हा आहे. ढकलला तर प्रश्नच उरत नाही.

@चादरवाली, तुमचं २.७ सपाट पट्टीवरच्या छर्र्यासाठी बरोबर आहे. केंद्रापासून मोजलंत हेही बरोबर, बरेच जण तिथेच अडकतात. पण तुमचा छर्रा सपाट पट्टीवर नाहीच. तो दोन कडांमध्ये खाली बसलाय. कडांमधलं अंतर १२ मिमी, म्हणजे निम्मं ६. छर्र्याची त्रिज्या १०. केंद्रापासून कडांच्या पातळीपर्यंतचं अंतर √(100 − 36) = ८ मिमी. तो १० च्या नाही, ८ मिमीच्या त्रिज्येवर घरंगळतो.

याने दोन गोष्टी बदलतात. केंद्राच्या वाटेची त्रिज्या ९ नाही, १० − ०.८ = ९.२ सेंमी. आणि तेवढ्याच वेगाला छर्र्याला जास्त गरगरावं लागतं. सपाट पट्टीवर एकूण ऊर्जेतली २९ टक्के फिरण्यात जाते, तुमच्याकडे ३८ टक्के. गणितात ०.४ च्या जागी ०.४ × (10/8)² = ०.६२५ येतं:

H = (2 + 1.625/2) × 9.2 = 2.8125 × 9.2 ≈ 25.9 सेंमी

२४.३ ला तो पडणारच होता.

चादरवाली_सोलापूर
हे डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण २६ वरूनही पडतोच आहे. वरचे दोन सेंमी कुठे जातात?

घरंगळ
माझा संशय घसरण्यावर आहे. छर्रा लूपमध्ये वर चढताना त्याचा वेग कमी होतो, तसं फिरणंही कमी व्हायला हवं. ते कमी करणारं घर्षणच फिरण्यातली ऊर्जा परत पुढे ढकलण्यात घालतं. इथे घर्षण आपल्या बाजूने आहे. पण किमान उंचीवरून सोडलं की माथ्याजवळ कडांवरचा दाब शून्याकडे जातो, आणि दाब नाही तर घर्षणही नाही.

आकड्यात सांगतो. न घसरता राहायला घर्षण आणि दाब यांचं गुणोत्तर किती लागतं ते काढलं: लूपच्या बाजूला, म्हणजे माथ्याच्या ९० अंश आधी, ०.१७. पंचेचाळीस अंश आधी ०.४२. वीस अंश आधी जवळपास १. स्टील आणि गुळगुळीत ॲल्युमिनियम इतकं कुठून देणार? अगदी किमान उंचीला तो माथ्यापर्यंत न घसरता पोचूच शकत नाही. घसरला की गरगरणं तसंच राहतं, ती ऊर्जा अडकून पडते आणि पुढचा वेग हिशोबापेक्षा जास्त घटतो.

@जुना_टर्नर काका, २.५ आहे ते अजिबात न फिरता घसरत येणाऱ्या वस्तूसाठी, तिथपर्यंत तुमचं खरं. पण तेल फक्त लूपला लावलं तर? उतारावर छर्रा फिरायला लागलेलाच असतो, आणि लूपमध्ये ते फिरणं परत मिळत नाही. मग 2.5 × 1.625 × 9.2, म्हणजे ३७ सेंमीच्या वर लागेल. तेलाने काम बिघडेल.

जुना_टर्नर
म्हणजे तेल लावलं की जास्त उंची? हे पटायला जड आहे. मग सगळीकडंच लावा, उताराला पण.

घरंगळ
तेलाने घर्षण शून्य होत नाही. उतारावर थोडा फिरेल, थोडा घसरेल, आणि दोन्हींपैकी एकही सूत्र लागू पडणार नाही.

ए_सेक्शन
घसरणं आहे असं गृहीत का धरायचं? वाकवलेल्या चॅनेलला उतार आणि लूपच्या मध्ये जोड असतो. तिथे ठोका बसला तरी दोन सेंमी सहज जातील. लूप हलतो का बघा, पाया घट्ट नसेल तर तोही ऊर्जा खातो.

घरंगळ
रास्त शंका. छर्र्यावर मार्करने ठिपका करा आणि मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या. २८ वरून सोडला तर तळाशी सेकंदाला साधारण ३६ फेरे, म्हणजे फेऱ्याला सहा-सात फ्रेम, मोजता येतं. न घसरता गेला तर माथ्यावर फेरे २१ च्या आसपास यायला हवेत. त्याहून बरेच जास्त दिसले तर घसरतोय. जोडासाठी वेगळं: दोन-अडीच सेंमीवरून सोडा आणि समोरच्या बाजूला किती चढतो ते बघा. एवढ्या कमी चढाला घसरण नगण्य, जी तूट दिसेल ती जोडाची आणि घरंगळण्याची.

ए_सेक्शन
तिथे तूट मिलिमीटरची, फुटपट्टीला दिसणार नाही. शिवाय खरा वेग आणि दाब त्याच्या कितीतरी पट. कमी उंचीची तूट वर लावणं मला पटत नाही.

चादरवाली_सोलापूर
व्हिडिओ घेतला. माथ्याजवळ ठिपका अंधुक होतो, पण फेऱ्याला नऊ-दहा फ्रेम जातात असं दिसतं. म्हणजे सेकंदाला २५ च्या आसपास. २१ नक्की नाहीत.

दुसरं एक केलं. त्याच दुकानातून ३० मिमीचा छर्रा आणला. घरंगळच्या पद्धतीने त्याची घरंगळण्याची त्रिज्या १३.७५ मिमी येते, ऊर्जेतला ०.६२५ उतरून ०.४८ होतो आणि H सुमारे २३.६ सेंमी. मोठा छर्रा लहानापेक्षा खालून सोडला तरी फिरायला हवा, आणि फिरतोय: २५ वरून भरवशाने. मुलांना आधी अंदाज विचारला होता, सगळ्यांनी उलट सांगितलं. जोड अजून कानसलेला नाही.

ए_सेक्शन
कानसल्यावर दोन्ही छर्रे परत सोडून बघा. लहान छर्रा २८ वरून किती खाली येतो त्यावर कळेल दोघांत कोण बरोबर.