अनुभव धागा: क्लायंटने टीडीएस कापला, पण १६ए काही येईना

धागाकर्ती
फ्रीलान्स काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा वैताग. एक नमुना देते, त्यावरच बोलूया, म्हणजे चर्चा भरकटणार नाही.

एका अनुवादिकेने एका कंपनीला २०२४-२५ मध्ये तीन बिलं दिली: ऑक्टोबरमध्ये ४०,०००, नोव्हेंबरमध्ये ३५,००० आणि २८ डिसेंबरला ४५,०००. कंपनीने १९४जे खाली १० टक्के कापून ३६,०००, ३१,५०० आणि ४०,५०० बँकेत जमा केले. म्हणजे एकूण १२,००० कापले. आता पॅनवर जमा झालेला कर दाखवणारं २६एएस उघडलं तर ४,००० दिसतात आणि पुढे F आहे, ३,५०० दिसतात पण पुढे U आहे, आणि ४,५०० चा पत्ताच नाही. अकाउंट्सला फोन केला की उत्तर ठरलेलं, "आमच्या सीएंकडे आहे." काय मागायचं, कुणाकडे, आणि कुठल्या शब्दांत? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा.

जमाखर्च
आधी एक गैरसमज काढून टाकू. १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, हे क्लायंटने लेटरहेडवर टाइप करून सही-शिक्क्यासह द्यायचं पत्र नाही. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत (मार्चची असेल तर ३० एप्रिलपर्यंत) सरकारात भरायची, मग तिमाहीचं २६क्यू विवरणपत्र दाखल करायचं, आणि त्यावर प्रक्रिया झाली की आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवरून १६ए उतरवून घ्यायचं, असा क्रम आहे. मधली एखादी पायरी राहिली असेल तर अकाउंट्सवाल्याची कितीही इच्छा असली तरी तो ते देऊ शकत नाही. म्हणून "१६ए पाठवा" असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा कुठली पायरी अडलीय ते शोधायचं. ते २६एएस सांगतं.

या नमुन्यात तिन्ही ओळींचं दुखणं वेगवेगळं आहे.

४,००० पुढे F म्हणजे पैसे भरले गेले आणि जुळले. इथे फक्त कागद मागायचा.

३,५०० पुढे U म्हणजे विवरणपत्रात नाव आहे, पण त्यासोबत दिलेलं चलन बँकेकडून आलेल्या नोंदीशी जुळत नाही. बीएसआर कोडचा एखादा आकडा, चलनाची तारीख नाहीतर अनुक्रमांक चुकलेला असतो. किंवा चलन भरलेलंच नसतं. क्लायंटला नेमकं सांगायचं की "या ओळीचं चलन अनमॅच्ड आहे, चलनाचे तपशील तपासून दुरुस्ती विवरणपत्र भरा." जाता जाता, कुणाला O दिसलं तर चलन जुळलंय, पण त्यातल्या रकमेपेक्षा जास्त टीडीएस त्यावर दाखवलाय असा अर्थ.

४,५०० दिसतच नाहीत, तेव्हा ओरडण्याआधी पैसे बँकेत कधी आले ते बघा. २८ डिसेंबरचं बिल, पैसे जानेवारीत आले असणार. काही कंपन्या पैसे देतानाच कापतात, मग ती ओळ ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये न येता जानेवारी-मार्चच्या विवरणपत्रात येते, आणि त्याची मुदत ३१ मे. ती उलटल्यावरही काही दिवस थांबून २६एएस पुन्हा बघा. तरीही नसेल तर पॅन चुकलाय का हे विचारा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तुमचा टीडीएस भलत्याच्या नावावर सुखाने नांदत असतो.

नितळ
कायद्याने बिल खात्यात जमा धरलं की पैसे दिले, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचं असतं. बिल डिसेंबरमध्ये बुक केलं असेल तर टीडीएस तिसऱ्या तिमाहीतच यायला हवा. कंपनीने चूक केलीय, तिला धारेवर धरा.

जमाखर्च
नियम बरोबर आहे. पण दोन्ही तिमाह्या एकाच वर्षातल्या आहेत, अनुवादिकेला कर तेवढाच लागणार. उशिराचं व्याज कंपनीला पडेल. तिने त्यासाठी भांडण का काढावं? बिल मार्चचं आणि टीडीएस एप्रिलचा असता तर मात्र मी तुमच्या बाजूने होतो.

ऑनलाइनवाला
एवढं कशाला? ट्रेसेसवर टॅक्सपेअर म्हणून लॉगिन करा आणि स्वतःच १६ए डाउनलोड करा. क्लायंटच्या पाया पडायची गरज नाही.

पावतीपुस्तक
नाही होत तसं. तिथून २६एएस मिळतं. १६ए फक्त कापणाऱ्याच्या, म्हणजे त्याच्या टॅन क्रमांकाच्या लॉगिनमधून उतरतं. तुम्हाला ट्रेसेसवर करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे मिळालेलं प्रमाणपत्र खरं आहे का ते पडताळणं. १६ए वर सात अक्षर-अंकांचा प्रमाणपत्र क्रमांक असतो, तो आणि टॅन टाकून बघता येतं. क्रमांकच नसेल तर ते प्रमाणपत्र कुणीतरी वर्डमध्ये बनवलंय असं समजा. कर जमा धरायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आतल्या टेबलावरून
मी अकाउंट्सच्या बाजूने लिहितो. "Please send all pending TDS certificates" असा मेल आला की तो बाजूला पडतो, कारण त्यातून कुठल्या नोंदी शोधायच्या ते कळत नाही. शिवाय शाखांचे टॅन वेगवेगळे असतील तर पुण्याच्या शाखेने कापलेलं मुंबईच्या माणसाला दिसत नाही. २६एएस मध्ये कापणाऱ्याचा टॅन लिहिलेला असतो, तो मेलमध्ये द्या. ज्या मेलवर काम होतं तो साधारण असा:

> विषय: पॅन (तुमचा), २०२४-२५, तिमाही ३: १६ए आणि दोन नोंदींची दुरुस्ती
>
> तुमचा टॅन: (२६एएस मधला)
>
> १. ऑक्टोबरचं बिल ४०,०००, टीडीएस ४,०००. २६एएस मध्ये F. कृपया १६ए पाठवावं.
> २. नोव्हेंबरचं बिल ३५,०००, टीडीएस ३,५००. २६एएस मध्ये U. कृपया चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि अनुक्रमांक तपासून दुरुस्ती विवरणपत्र भरावं.
> ३. २८ डिसेंबरचं बिल ४५,०००, टीडीएस ४,५००. २६एएस मध्ये नाही. कोणत्या तिमाहीत आणि कोणत्या पॅनवर दाखवलं आहे ते कळवावं.
>
> सोबत: तिन्ही बिलं, बँकेच्या जमा नोंदी, २६एएस चं पान, पॅनकार्डाची प्रत.

तिसऱ्या मुद्द्यात "पाठवा" नाही, "कळवा" आहे, हे बघा. प्रश्नाला उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते येतं. आणि मेल थेट अकाउंट्सला करा, ज्याने काम दिलं त्या मॅनेजरला फक्त सीसीत ठेवा. त्याच्या नजरेत मेल असला की आमच्याकडून जरा लवकर हलतं, हे कबूल करायला हरकत नाही.

ठेकेदार सातारा
आमचं पण असंच आहे. नगरपालिकेच्या कामाच्या बिलातून २ टक्के कापले, १६ए मागितलं तर म्हणतात ते लागत नाही, पोर्टलवर बघा. दोन वर्षं झाली.

पावतीपुस्तक
दादा, ते २ टक्के बहुतेक जीएसटीचा टीडीएस असेल, आयकराचा नाही. तो जीएसटी पोर्टलवर तुमच्याकडे येतो, तुम्ही तिथे स्वीकारायचा, मग इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होतो. त्याला १६ए नसतंच. पण आयकराचाही वेगळा कापला असेल, वैयक्तिक ठेकेदाराला १ टक्का. बिलाच्या वजावटीच्या तक्त्यात दोन ओळी आहेत का बघा.

ठेकेदार सातारा
दोन ओळी आहेत. आणि तिसरी सुरक्षा ठेवीची. आता उलगडलं. एकाचा शोध पोर्टलवर, एकाचा २६एएस वर.

रेघोट्या
उपप्रश्न. माझं बिल ८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी १४,४००. क्लायंटने ९४,४०० वर १० टक्के, म्हणजे ९,४४० कापले. मी १६ए मागताना ८,००० चं मागू की ९,४४० चं?

जमाखर्च
जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, असं सीबीडीटीचं २०१७ चं परिपत्रक आहे. कापायला ८,००० हवे होते. पण कापले ९,४४० आणि भरलेही ९,४४०, तर प्रमाणपत्रही ९,४४० चंच घ्या आणि विवरणपत्रात तेवढेच जमा धरा, पैसे तुमचेच आहेत. कागदावर ८,००० आणि हातात ८४,९६० असं झालं तर १,४४० रुपये मध्येच गळतात. १६ए आलं की तीन आकडे जुळवा: बिल वजा बँकेत आलेले, प्रमाणपत्रावरचे, २६एएस मधले. आणि उत्पन्न म्हणून ८०,००० दाखवा, हातात आलेले नाही. २६एएस मध्ये कंपनीने ९४,४०० दाखवले असतील तर त्या फरकाचा हिशेब जपून ठेवा, विचारणा होऊ शकते.

काटेकोर
मेल करून झाले, उत्तर नाही, पुढे काय, यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १६ए ची मुदत विवरणपत्राच्या मुदतीनंतर १५ दिवस. म्हणजे १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर, १५ फेब्रुवारी, आणि शेवटच्या तिमाहीसाठी १५ जून. ती उलटली की कलम २७२ए(२)(जी) खाली दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो, जास्तीत जास्त टीडीएसच्या रकमेएवढा. हा दंड आयकर खातं लावतं आणि खात्याकडेच जातो, त्यामुळे "आम्हाला दंड द्या" असं लिहू नका, हसं होतं. तारीख आणि कलम एवढंच शांतपणे लिहून स्पीड पोस्टाने पत्र पाठवा.

त्यानेही हललं नाही तर ई-फायलिंग पोर्टलवर `Know TAN Details` मध्ये कंपनीचा टॅन टाका. तिथे तो टॅन कुठल्या अधिकाऱ्याच्या हद्दीत आहे ते मिळतं. त्या टीडीएस अधिकाऱ्याला बिलं, बँक नोंदी आणि केलेला पत्रव्यवहार जोडून अर्ज द्या. स्वतःच्या अधिकाऱ्याकडे देऊ नका, त्याच्या हातात कापणाऱ्याची फाइल नसते.

नितळ
तोवर विवरणपत्राची तारीख येते. न दिसणारे ४,५०० जमा धरायचे की नाही? मी म्हणेन धराच. कलम २०५ सांगतं की तुमच्याकडून कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करायचा नाही. सीबीडीटीने १ जून २०१५ ला अधिकाऱ्यांना तसं कळवलंही आहे.

काटेकोर
वसुली करायची नाही, एवढंच ते सांगतं. रिफंड देतं असं नाही. यंत्रणा २६एएस शी ताडून बघते आणि १४३(१) च्या सूचनेत ते ४,५०० उडवते. मग दुरुस्ती अर्ज, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा "२६एएस मध्ये आल्यावर या." मी आधी क्लायंटकडून ओळ आणवतो, मगच जमा धरतो.

नितळ
आणि क्लायंटने वर्षभर ओळ आणली नाही तर? हक्क सोडायचा? जमा धरलं नाही तर नंतर सुधारित विवरणपत्राचीही मुदत निघून जाते. यावर आपलं जमणार नाही.

आतल्या टेबलावरून
मध्यममार्ग असा आहे का बघा: टीडीएस कापून भरलाच नाही अशी शंका असेल तर सगळ्यात आधी चलनाची प्रत मागा. चलन हातात असेल तर नितळ म्हणतात तसं लढायला काहीतरी आहे. चलन द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल तर भरणाच झालेला नाही असं बहुतेक वेळा निघतं, आणि तेव्हा काटेकोर यांचा टीडीएस अधिकारी हाच रस्ता.

धागाकर्ती
अनुवादिकेला पोचवलं. तिचे ४,५०० चौथ्या तिमाहीत निघाले, F सकट. ३,५०० चं चलन मागवलंय. आता नवा प्रश्न: कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि जुना टॅन बंद केला, तर दुरुस्ती विवरणपत्र कोण भरणार? कुणी केलंय?