मदत हवी आहे: रोबोटिक्स संघाचं नाव आणि मॅस्कॉट शर्टावर बसत नाहीये

चक्रधर: मुलांनी मतदान करून नाव ठरवलंय, 'यांत्रिक चक्रव्यूह'. मॅस्कॉट खवले मांजर, त्याचं नाव खवल्या. एका विद्यार्थिनीने चित्र काढलंय, फार सुंदर आहे. छपाईवाल्यांनी परत पाठवलं, 'हे उमटणार नाही' म्हणाले. आठवड्यात शर्ट आणि बॅनर हवेत. काय बदलू? लवकर सांगा.

रात्रपाळी: शर्टाचा रंग? किती शर्ट? चित्र छातीवर की पाठीवर?

चक्रधर: गडद निळा. ४०. छातीवर, खिशाच्या जागी.

ठिपका: फाइल ३०० डीपीआय करून द्या, काम होईल.

जुना_स्क्रीनवाला: ठिपका, शर्टापुरतं ते ठीक. पण १० सेंमी चित्राला ३०० डीपीआय म्हणजे रुंदीत साधारण १२०० ठिपके. तेच बॅनरवर मीटरभर ताणलं की इंचाला जेमतेम ३० उरतात, कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. चित्र व्हेक्टरमध्ये गिरवून SVG फाइल द्या, ती कितीही ताणली तरी कडा साफ राहतात.
चक्रधर, किती रंग आहेत? आणि खवले किती?

चक्रधर: तपकिरीच्या चार छटा. खवले मोजले नाहीत, साठेक असतील.

जुना_स्क्रीनवाला: तिथेच अडलंय. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी लागते आणि गडद कापडावर खाली पांढरा थर, म्हणजे पाच. शिवाय शाई थोडी पसरते, त्यामुळे केसाएवढ्या रेघा बुजून खवल्याचा डाग होतो. एकच पांढरी शाई घ्या. बाराएक मोठे खवले भरीव ठेवा आणि मधे मिलिमीटरभर फट सोडा. फटीतून निळं कापड दिसेल, तीच रेघ. मग ९ सेंमी रुंद प्रिंट काढून कुणाच्या छातीवर चिकटवा आणि तीन मीटरवरून बघा.

अंगणातली: खवले मांजर घाबरलं की अंग मुडपून गोळा होतं. तसं काढलं तर कडेचे खवले गिअरच्या दात्यांसारखे दिसतील! नाक आणि शेपटी मात्र बाहेर ठेवा, नाहीतर नुसतं चाक वाटेल.

चक्रधर: हे मुलांना फार आवडेल.

पार्थसखा: चक्रव्यूहात अभिमन्यू अडकला होता. संघाला असं नाव नको.

चक्रधर: मतदान झालंय, नाव बदलणार नाही.

रात्रपाळी: नाव राहू दे, पण खिशाच्या जागी नको. 'क्र' आणि 'व्यू' तिथे बुजतील. छातीवर फक्त खवल्या, नाव पाठीवर २८ सेंमी रुंद, दोन ओळींत.

जुना_स्क्रीनवाला: पाठीवर नुसतं 'चक्रव्यूह' घ्या. दुसऱ्या ओळीमुळे अक्षरं लहान होतील.

रात्रपाळी: अर्धं नाव का छापायचं? रुंदी तर 'चक्रव्यूह'च ठरवतो, 'यांत्रिक' वर सहज बसेल.

मोटरवेडा: आमच्या रोबोचं डावं चाक हळू फिरायचं, वायर सैल होती. तुमचीही तपासा.

चक्रधर: आमची चाकं ठीक आहेत. आज बारा खवल्यांचा गोळा काढतोय, उद्या ९ सेंमीचा प्रिंट इथे टाकतो. पाठीचं मुलांना विचारतो.