मदत हवी आहे: एकाच व्यक्तिमत्त्व चाचणीत दोनदा वेगळा निकाल आला, कुठला खरा धरायचा?

सायली_के

नमस्कार. आमच्या ऑफिसात नवीन टीम उभी राहते आहे. एचआरने सगळ्यांना एका वेबसाइटवरची फुकटची, सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी देऊन निकालाचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगितलंय. क्लायंटसमोर कोण बसणार हे ठरवताना तो "विचारात घेतला जाईल" असं मेलमध्ये आहे.

मी हीच चाचणी मार्चमध्ये सहज म्हणून दिली होती, तेव्हा INFJ आलं. परवा दिली तर ENFJ. बाकीची तीन अक्षरं तीच आहेत. पहिल्या वेळी अंतर्मुख ५४ टक्के होतं, आता बहिर्मुख ५३ टक्के आहे. गंमत म्हणजे INFJ चं वर्णन मला तंतोतंत लागू पडलं होतं. "तुम्ही दुसऱ्याचं मन पटकन ओळखता, पण स्वतःचं सहज उघडं करत नाही" हे वाचून तर मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं होतं. मग आता मी बदलले की चाचणी चुकली? आणि स्क्रीनशॉट कुठला पाठवू?

धनंजय_पाटील

ताई, मूड बदलला की उत्तरं बदलतात. रविवारी सकाळी निवांत बसून द्या, जे येईल ते खरं. मी तीनदा दिली, तिन्ही वेळा ISTJ आलं.

विदुला

मी चाचण्या तयार करणं आणि तपासणं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सायली, एकूण प्रश्न किती होते? आणि अंतर्मुख-बहिर्मुखवाल्या प्रश्नांपैकी कुठल्या प्रश्नांना या वेळी वेगळं उत्तर दिलंत, ते आठवतंय का?

सायली_के

साठ प्रश्न. प्रत्येकाला "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत" असे सात गोल. एक नक्की आठवतो: "नव्या लोकांशी ओळख करून घ्यायला मला आवडतं." मार्चमध्ये ऑडिट चालू होतं, माणूस दिसला तरी नको वाटायचं, तेव्हा मी असहमतकडे झुकले होते. आता नवीन टीममधली मंडळी चांगली आहेत, म्हणून सहमतकडे.

विदुला

छान, मग तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. साठ प्रश्न आणि चार अक्षरं, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला साधारण पंधरा प्रश्न. ती वेबसाइट गुण नेमके कसे मोजते ते उघड करत नाही, त्यामुळे साधी बेरीज धरते. सात गोलांना ० ते ६ गुण दिले तर पंधरा प्रश्नांचे जास्तीत जास्त ९० होतात. मार्चमध्ये तुमची बहिर्मुखता ४६ टक्के होती, म्हणजे साधारण ४१ गुण. आता ५३ टक्के, म्हणजे साधारण ४८. फरक सात गुणांचा. "नव्या लोकांशी ओळख" हा एक प्रश्न असहमतच्या बाजूने सहमतच्या बाजूला गेला तर तिथेच दोन-तीन गुण हलले. उरलेल्या चौदांपैकी चार-पाच प्रश्नांत एकेक गोल इकडचा तिकडे झाला की झालं.

एवढी हालचाल कुठल्याही माणसाच्या उत्तरांत होते. तिला चुकही म्हणता येत नाही आणि बदलही. ऑडिट, झोप, आदला प्रश्न काय होता, सगळं त्यात मिसळतं. त्यामुळे दोन्ही निकाल तुमच्याबद्दल एकच गोष्ट सांगताहेत: या बाबतीत तुम्ही मधोमध आहात. अक्षर बदललं ते वेबसाइटने ५० वर रेघ मारली म्हणून. ४६ आणि ५३ असे आकडे नुसते शेजारी ठेवले असते तर तुम्ही हा धागा काढलाही नसता.

आणि मधोमध असणारे थोडेथोडके नसतात. माणसं खरोखर दोन जातींची असती तर गुणांच्या आलेखाला दोन उंचवटे दिसले असते, एक अंतर्मुखांचा आणि एक बहिर्मुखांचा. प्रत्यक्षात मधे एकच उंचवटा दिसतो. म्हणजे रेघ नेमकी जिथे सगळ्यात जास्त गर्दी आहे तिथे मारलेली आहे.

धनंजय, तुमचं तीनदा ISTJ आलं, कारण बहुधा तुमचे चारही गुण रेघेपासून लांब आहेत. मूडचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण रविवारच्या मूडला जास्त खरं मानायला आधार काय? प्रत्येक अक्षर परत तेच येण्याची शक्यता ९० टक्के धरली, आणि फुकटच्या चाचणीसाठी हे मी सढळ हाताने धरतेय, तरी चारही अक्षरं तीच येण्याची शक्यता ०.९ चार वेळा गुणून ६६ टक्क्यांच्या आसपास येते. तीनातला एक जण दुसऱ्या वेळी वेगळ्याच प्रकारात जाणार.

कौस्तुभ_डेटा

हे विश्वसनीयतेचं झालं. पण क्रॉनबाख अल्फा नावाचा आकडा असतो ना? या साइटने तो ०.८ च्या वर दिलाय. म्हणजे चाचणी बरोबर मोजतेय. अल्फा चांगला असेल तर इतकी काळजी कशाला?

विदुला

कौस्तुभ, तुमचं अर्धं बरोबर आहे. अल्फा चांगला म्हणजे ते पंधरा प्रश्न एकमेकांच्या सुरात सूर मिळवताहेत. हे हवंच. पण आजचे सूर जुळले म्हणजे सहा महिन्यांनी तोच आकडा येईल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांना काही आठवड्यांनी परत बसवावं लागतं.

शिवाय अल्फा वाढवणं फार सोपं असतं. "मला पार्ट्या आवडतात", "पार्टीत मला मजा येते", "पार्टीला जायला मी उत्सुक असतो" असे तीन प्रश्न घाला, अल्फा मस्त येईल. पण मग तुम्ही बहिर्मुखता मोजताय की नुसती पार्टीची आवड?

आणि ०.८४ हा भरघोस वाटणारा आकडा घेऊनही बघा. सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा, १० असलेल्या चाचणीत एका माणसाच्या गुणांतली त्रुटी १० गुणिले (१ वजा ०.८४) चं वर्गमूळ, म्हणजे ४ येते. कुणाला ५२ मिळाले तर ते साधारण ४४ ते ६० च्या मधे कुठेतरी, असं वाचायचं. चांगल्या प्रमाणित चाचणीच्या पुस्तिकेत ही त्रुटी छापलेली असते. स्क्रीनशॉटवर ती नसते.

राजश्री_माने

विषय निघालाच आहे तर विचारते. आम्ही मुलाची बोटांच्या ठशांवरून करतात ती डीएमआयटी चाचणी केली, सातवीत आहे तो. त्यात तर प्रश्नच नाहीत, मूडचा संबंध नाही, कधीही केली तरी ठसे तेच. मग ती या प्रश्नांच्या चाचणीपेक्षा भरवशाची झाली ना?

विदुला

राजश्रीताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. ठसे आईच्या पोटातच तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत. त्यामुळे परत परत तेच उत्तर येण्यात ही चाचणी पैकीच्या पैकी गुण मिळवेल. पण तेच उत्तर येणं वेगळं आणि ते उत्तर मुलाच्या बुद्धीबद्दल काही सांगणं वेगळं. यातल्या दुसऱ्या गोष्टीला वैधता म्हणतात, आणि ती पुराव्याने दाखवावी लागते. दोनशे मुलांचे ठसे घ्या, त्यांची गणिताची, भाषेची, चित्रकलेची कामगिरी ठसे न बघणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आणि मग दोन्हींचा मेळ बसतो का बघा. ठशांवरून बुद्धिमत्तेचे प्रकार कळतात याला असा भक्कम पुरावा नाही. मुलाच्या शाखेचा निर्णय त्यावर घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

राजश्री_माने

पण अहवालात "चित्रकलेत पुढे" असं आलंय आणि तो खरंच सुंदर चित्रं काढतो. ते कसं काय?

विदुला

ठसे घेण्याआधी त्यांनी तुमच्याशी आणि मुलाशी गप्पा मारल्या होत्या का? आणि अहवालात आणखी किती गोष्टींत "पुढे" लिहिलंय?

राजश्री_माने

गप्पा झाल्या होत्या. संगीत, निसर्ग आणि लोकांशी बोलणं यातही पुढे लिहिलंय. संगीताची त्याला अजिबात आवड नाही, पण ते म्हणाले की सुप्त गुण आहे. मला अजून वाटतं की काहीतरी असेल त्यात. यजमानांशी बोलते.

सायली_के

यावरून माझा राहिलेला प्रश्न. INFJ चं वर्णन इतकं कसं जुळलं? तेही असंच?

विदुला

बऱ्याच अंशी. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला "तुझं" वर्णन म्हणून एक कागद दिला. हे तुला किती लागू पडतं याला ० ते ५ गुण दे, असं सांगितलं. सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच वर्णन होतं, आणि त्यातली वाक्यं बहुतेक ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. "दुसऱ्याचं मन ओळखता पण स्वतःचं उघडं करत नाही" हे वाक्य आपल्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरून वाचलंत तर किती जण नाही म्हणतील? म्हणून वाचणाऱ्याला पटलं, हा वैधतेचा पुरावा धरत नाहीत.

घरी एक करून बघा. INFJ, ENFJ आणि आणखी दोन लांबचे प्रकार घ्या. त्यांच्या वर्णनांतले मथळे, अक्षरं आणि "अंतर्मुख" सारखे शब्द काढून टाका, क्रम बदला, आणि तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोघा-तिघांना "यातली सायली कुठली?" असं एकेकटं गाठून विचारा.

धनंजय_पाटील

पण कंपन्या इतकी वर्षं वापरताहेत, काही तथ्य असल्याशिवाय?

विदुला

तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. या सोळा प्रकारांचं मूळ एमबीटीआय या व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीत आहे. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या कल्पनांवरून ती रचली. त्यातला अंतर्मुख-बहिर्मुख गुण संशोधकांच्या पंचगुण चाचण्यांतल्या, म्हणजे व्यक्तिमत्त्व पाच गुणांत मोजणाऱ्या चाचण्यांतल्या, बहिर्मुखतेशी चांगला जुळतो. पण सलग गुण म्हणून, "हा किंवा तो" अशी पेटी म्हणून नव्हे. आणि चिंता, अस्वस्थता मोजणारा पाचवा गुण त्यात मुळीच नाही. म्हणून वर्णनं इतकी गोड लागतात.

सायली, तुमच्या कामाची गोष्ट अशी की एमबीटीआयचे प्रकाशकसुद्धा निवडीसाठी ती वापरू नका असंच सांगतात. आणि तुमची वेबसाइट म्हणजे ती मूळ प्रश्नावलीही नव्हे. पंचगुणांतला जो गुण जवळपास सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी दिसतो, तो म्हणजे कर्तव्यदक्षता. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हे दाखवलं. तिथेही कामगिरीशी सहसंबंध ०.२ च्या आसपासच आहे, म्हणजे त्याचा वर्ग केला तर माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकातला साधारण ४ टक्के. एचआरला नम्रपणे विचारा की या चार अक्षरांचा क्लायंटसमोरच्या कामाशी संबंध कुठे तपासलाय. आणि पाठवायचेच असतील तर दोन्ही स्क्रीनशॉट टक्क्यांसकट पाठवा.

कौस्तुभ_डेटा

०.२ ला कमी लेखू नका ताई. हजार जणांतून शंभर निवडायचे असतील तर तेवढ्यानेही फरक पडतो.

विदुला

हजारात पडतो, मान्य. सायलीच्या टीममध्ये किती जण आहेत?

सायली_के

नऊ.

वर्णनांचा प्रयोग केला. नवऱ्याने ENFJ उचललं, आईने INFJ, आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने त्या लांबच्या दोनांतलं एक, तेही अगदी खात्रीने. एचआरला दोन्ही स्क्रीनशॉट पाठवलेत आणि संबंध कुठे तपासलाय ते विचारलंय. त्यांचं उत्तर आलं: "फक्त एक इनपुट आहे." नऊ जणांत या इनपुटला किती वजन देणार, असं आता लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.